कुज्याचा कान

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर एका मित्राने मला मोबाइलवर एका पानाचे छायाचित्र पाठवले. पान फारसी होते, नस्तालीक लिपीतले, चार ओळींची एक रुबाई वर आणि एक खाली. सोबत एवढाच मजकूर : "खय्याम आहे म्हणतात. वरची मराठीत करून दे, पण चालीत." मित्राने हे सहज लिहिले होते. मी मात्र त्या चार ओळींपाशी पावसाळाभर अडकलो, आणि दिवाळी आली तरी पुरता सुटलेलो नाही.

माझे फारसीचे शिक्षण कुठल्या वर्गात झालेले नाही. पंचवीस वर्षे मोडी कागद वाचताना दर दोन ओळींना एक फारसी शब्द आडवा येई. त्यांचा छडा लावण्यासाठी मी माधव जूलियन यांचा 'फारसी-मराठी कोश' मिळवला आणि त्या कोशाच्या बोटाला धरून हळूहळू भाषेत शिरलो. त्यामुळे माझी फारसी कवितेकडून दप्तराकडे आलेली नाही, दप्तराकडून कवितेकडे गेलेली आहे. या गोष्टीचा पुढे फायदाही झाला आणि अडचणही.

आधी पानाची ओळख. ज्या पुस्तकातून ते छायाचित्र घेतले होते ते पुस्तकही मुळात छायाचित्रांचेच आहे. ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात औस्ली संग्रहात १४० क्रमांकाचे एक हस्तलिखित आहे. ते इ.स. १४६० मध्ये शिराझ येथे लिहिले गेले आणि त्यात १५८ रुबाया आहेत. कागद पिवळा, त्यावर सोन्याची भुकटी शिंपडलेली आणि शाई काळपट जांभळी. १८५६ मध्ये एडवर्ड कॉवेल यांना ते सापडले, त्यांनी त्याची नक्कल करून आपला मित्र एडवर्ड फिट्झेराल्ड याला दिली आणि १८५९ मध्ये फिट्झेराल्डची जगप्रसिद्ध इंग्रजी 'रुबाइयात' निघाली. पुढे १८९८ मध्ये एडवर्ड हेरन-ॲलन यांनी त्या हस्तलिखिताच्या पानांची छायाचित्रे, फारसी पाठ आणि शब्दशः इंग्रजी भाषांतर असे सगळे एकत्र छापले. मित्राने टिपलेले पान त्या पुस्तकातले. म्हणजे माझ्यापुढे छायाचित्राचे छायाचित्र होते.

याचा परिणाम पहिल्याच दिवशी जाणवला. फारसी लिपीत नुक्ता म्हणजे जीव. एक ठिपका इकडेतिकडे झाला की अक्षर बदलते. सोन्याची भुकटी शिंपडलेल्या कागदाचे जुने काळेपांढरे छायाचित्र, त्याची छपाई आणि त्यावर मोबाइलची प्रतिमा, एवढ्या प्रवासात कुठला ठिपका लेखकाचा, कुठला सोन्याचा आणि कुठला नुसता डाग, हे डोळ्यांना सांगता येत नाही. त्यात जुने लेखक 'गाफ'ची दुसरी रेघ बहुधा देत नसत. 'गर्दन' हा शब्द कागदावर 'कर्दन' दिसतो आणि 'निगार' हा 'निकार' दिसतो. वाचणाऱ्याला आधी अर्थ माहीत असावा लागतो, मग अक्षर दिसते.

अशा वेळी छंद मदतीला येतो. रुबाईचा छंद फारसीत एकच, पण त्याची रूपे २४ सांगतात, आणि एका रुबाईच्या चार ओळी चार वेगळ्या रूपांतल्या असल्या तरी चालते. शिकणाऱ्याला या रूपांची नावे पाहूनच घाम फुटतो. फारसी छंदशास्त्र शिकवणारे खूण म्हणून 'ला हौल वला कूवत इल्ला बिल्लाह' हे अरबी वचन सांगत आले आहेत, कारण ते नेमके या छंदात बसते. आपल्या गझलेच्या मंडळींच्या भाषेत मांडायचे तर गागा लल गागा लल गागा गागा. मराठीत याच चालीचे साधे वाक्य करून पाहा : 'पाणी भर थोडे, मग जाऊ दोघे.' आता शेवटचा शब्द बदला : 'पाणी भर थोडे, मग जाऊ घरला.' 'दो'च्या जागी 'घर' आले, एका गुरूचे दोन लघू झाले, तरी कानाला काही खटकत नाही. रुबाईची बरीचशी रूपे अशीच एका गुरूच्या जागी दोन लघू किंवा उलट करून झालेली आहेत. उरलेल्यांत मधल्या एका लघुगुरूची अदलाबदल आहे. मी कागद घेऊन सगळी रूपे मोजली. प्रत्येकाच्या मात्रा २० भरतात. फारसी शास्त्राला ज्याच्यासाठी २४ नावे लागली ती वस्तू मात्रावृत्तात वाढलेल्या मराठी कानाला एकच वाटते, हे कळल्यावर मला भलताच धीर आला. तो थोडा अकाली होता, पण त्याकडे नंतर येतो.

आता रुबाईत काय आहे ते सांगतो. बोलणारा हातातल्या मातीच्या भांड्याकडे पाहतो आहे. त्याला वाटते, हा कुजाही कधीकाळी माझ्यासारखाच तळमळणारा प्रेमिक होता, तोही कुणा सुंदर मुखाच्या मागावर होता. आणि त्याच्या मानेवर तुला ही जी मूठ दिसते ना, ती मूठ नव्हे, एका जिवलगाच्या मानेवर टाकलेला हात आहे. माणसाची माती, मातीचा कुजा, ही खय्यामच्या नावावरच्या रुबायांतली नेहमीची वाट. ही रुबाई त्याचीच, असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. तो ११३१ मध्ये वारला आणि आपले हस्तलिखित त्यानंतर सव्वातीनशे वर्षांनी लिहिलेले आहे. पण कुणाची का असेना, त्या मुठीवरून हाताकडे जाण्यात तिचा सगळा प्राण आहे.

फिट्झेराल्डच्या इंग्रजीत हा प्राण नाही. ज्या कडव्याचे मूळ अभ्यासक या रुबाईत शोधतात त्यात भांडे बोलते आणि त्याच्या थंड ओठाचे चुंबन येते. मान आणि हात दोन्ही गेले, त्यांच्या जागी ओठ आले. कडवे सुंदर आहे, याबद्दल वाद नाही. पण इंग्रजीवरून मराठीत येणाऱ्याची या मुठीशी गाठ पडणार नाही. माधव जूलियन यांनी १९२९ मध्ये मूळ फारसीवरून 'उमरखय्यामकृत रुबाया' दिल्या आणि दोनच वर्षांनी फिट्झेराल्डवरून 'द्राक्षकन्या'. एकाच माणसाला हे काम दोन दारांनी का करावेसे वाटले असेल, ते मला या एका मुठीमुळे समजले. ती दोन वेगळी पुस्तके आहेत.

पाठाची एक अडचण राहिली होती. छापील फारसी आवृत्त्यांत दुसरी ओळ निराळी सापडते. तिथे प्रेमिक कुणाच्या केसांच्या बटेत अडकलेला आहे. माझ्या पानावर तो मुखाच्या शोधात आहे. एकीकडे 'बंद' आणि 'ज़ुल्फ़', दुसरीकडे 'तलब' आणि 'रू'. मी छंदाला कौल लावला. दोन्ही पाठ लघुगुरूंसह तंतोतंत सारखे उतरले. इजाफत म्हणजे दोन शब्दांना जोडणारा 'ए', तो फारसीत गरजेप्रमाणे लघू किंवा गुरू धरता येतो, आणि ही सवलत दोन्ही पाठांनी सारखीच घेतली आहे. छंद इथे मुका झाला. शेवटी अक्षराकडेच जावे लागले. 'तलब'मधल्या 'तोए'ला उभा दांडा आणि त्याच्या पायथ्याशी पोट असते. ते पोट छायाचित्रात स्वच्छ दिसते आणि ठिपक्यांवर अवलंबून नाही. मी पानाशी इमान राखायचे ठरवले, जरी मनातून मला केसांची बट अधिक आवडली होती.

मग भाषांतराला बसलो, आणि दप्तराने जे शिकवले ते आडवे आले.

या रुबाईतले बहुतेक शब्द मराठीत आहेत. कुजा आहे, आशिक आहे, यार आहे, तलब आहे, गर्दन आहे, दस्ता आहे. छापील पाठ घेतला असता तर ज़ुल्फ़ही आपल्याकडे झुलपं होऊन आलेलीच आहेत. वाटावे की भाषांतर करायचे ते काय, शब्द उचलून ठेवायचे. पण हे शब्द आपल्याकडे प्रेमिकाच्या तोंडून आले नाहीत. ते चावडीतून, छावणीतून आणि फडावरून आले. 'गर्दन' मराठी बखरीत येते ती मारण्यासाठी. गर्दन मारली, गर्दन उडवली. तिच्यावर कुणी प्रेमाने हात टाकलेला मला आठवत नाही. 'तलब' कागदोपत्री बोलावणे किंवा मागणी, आणि कानाला आठवण होते ती तंबाखूच्या तलफेची. 'आशिक' म्हटले की ढोलकी वाजू लागते. 'दस्ता' म्हणजे चोवीस ताव कागद. फारसीत हे शब्द जिथे उभे आहेत तिथे मराठीत त्यांच्या जागी त्यांच्याच नावाची दुसरी माणसे उभी आहेत.

'यारी' या शब्दाने तर मला चांगलेच फसवले. शेवटच्या ओळीत तो यमकात येतो आणि मराठी डोळा तो 'दोस्ती' असा वाचतो. पहिल्या कच्च्या खर्ड्यात मी 'मैत्रीच्या गळ्यात हात' असे काहीतरी लिहून मोकळा झालो होतो. फारसीत नामाच्या शेवटी लागणारा 'ई' पुष्कळदा 'कुणी एक' एवढेच सांगतो. 'यारी' म्हणजे इथे कुणी एक यार. पहिल्या ओळीच्या यमकातली 'ज़ारी'सुद्धा विलाप नव्हे, तर कुणी एक विलाप करणारा. दुसऱ्या ओळीतली 'निगारी' म्हणजे कुणी एक निगार. तिन्ही यमके त्या अनिश्चित 'ई'वर उभी आहेत, म्हणजे कवितेतली सगळीच माणसे 'कुणीतरी' आहेत. हे लक्षात आले तेव्हा मला रुबाई पहिल्यांदा कळली. मातीत गेलेल्यांची नावे उरत नाहीत, आणि ते कवी सांगत बसत नाही, यमकच सांगते.

'निगार' या शब्दाला मी अजून मराठी जोड शोधतो आहे. त्याच्या मुळाशी रेखाटणे, चितारणे आहे. चित्र, मूर्ती, आणि म्हणून चित्रासारखे देखणे प्रिय माणूस. मराठीत 'चित्रासारखी' म्हटले की ती बाई झाली, 'देखणा' म्हटले की तो बाप्या झाला. फारसीत नामाला लिंग नाही, सर्वनामालाही नाही. निगार कोण, यार कोण, हे रुबाई शेवटपर्यंत सांगत नाही आणि फारसी वाचकाला ते विचारावेसेही वाटत नाही. मराठी क्रियापद मात्र पहिल्या पावलालाच ओळखपत्र मागते. मी 'सखी' लिहून पाहिले, 'सखा' लिहून पाहिले, दोन्हीकडे दार लागल्यासारखे झाले. 'जिवलग' बरा, पण विभक्ती लागली की तोही एका बाजूला कलतो. शेवटी सुटका केली ती आपल्या 'कुणा'ने. 'कुणाच्या शोधात', 'कुणाच्या गळ्यात'. 'कुणा'ला लिंग नाही, आणि तो त्या अनिश्चित 'ई'चे कामही करतो. चित्र हरवले, यार हरवला, पण दोघांचे अनामिकपण राहिले. हा सौदा मला मान्य आहे. निगार गेल्याचे दुःख आहेच.

लिंगाने जसा त्रास दिला तसा एका ठिकाणी हातही दिला. मूळ रुबाईत तीन ओळींच्या शेवटी 'बूदस्त' हे क्रियापद पुन्हा पुन्हा येते. तो रदीफ. दोन गुरू, चार मात्रा. मराठी 'होता' तंतोतंत तेवढाच. भांड्याला सुरई म्हटले असते तर 'होती' आले असते आणि शेवटी हाताशी भांडण झाले असते. मडके म्हटले असते तर तिसराच घोटाळा. पण 'कुजा' पुल्लिंगी आणि 'हात'ही पुल्लिंगी, त्यामुळे 'होता' तिन्ही ठिकाणी निर्वेध बसतो. फारसी 'बूदस्त' म्हणजे 'झालेला आहे', त्यात आज समोर दिसणाऱ्या खुणेवरून काल ओळखण्याची छटा येते. आपला 'असावा' अर्थाने जवळचा होता. तो लघूने सुरू होऊन पाच मात्रा खातो, आणि त्यातली शंका मला नको होती. 'होता' ठेवला.

आता त्या अकाली धीराची गोष्ट. 'होता'च्या आधी यमक हवे. मला सहज सुचले ते असे : पहिल्या ओळीच्या शेवटी 'विरहात होता', दुसरीच्या 'शोधात होता', चौथीच्या 'गळ्यात होता'. तिसरी ओळ रिवाजाप्रमाणे मोकळी. उच्चारून पाहिले, मराठी वाटले, कुठेही फारसीचा वास येईना. ओळीच्या पुढच्या भागात मात्रा जुळवून २० भरल्या आणि आनंदात मित्राला कळवले. रात्री पुन्हा लघुगुरू लावले तेव्हा चूक दिसली. 'शोधात होता' म्हणजे गागा लगागा. शेवट लघू, गुरू, गुरू असा होतो. रुबाईच्या चोवीस रूपांत असा शेवट एकाही रूपाचा नाही. तिथे शेवटी एकतर चार गुरू येतात किंवा गागा लल गा. म्हणजे मात्रा २० भरल्या तरी चाल रुबाईची नाही. इराणी कान पहिल्याच ओळीला थबकला असता.

दुरुस्ती करता येते. 'होता'च्या आधी दोन गुरूंचा शब्द आणायचा : 'वेडा होता', 'मागे होता', 'कंठी होता'. चाल मिळते, यमक जाते. यमक सांभाळावे तर 'प्रेमी', 'कामी', 'कंठी' अशा जुनाट ईकारांत शब्दांची रांग लावावी लागते आणि बोलणारा माणूस कुज्याशी न बोलता कीर्तनाला उभा राहिल्यासारखा वाटतो. आठ-दहा खर्डे फाडले. शेवटी मी शेवटाच्या चालीवर पाणी सोडले आणि 'विरहात, शोधात, गळ्यात' ठेवले. माझे भाषांतर २० मात्रांचे आहे, यमकांची जागा रुबाईची आहे, ओळीची सुरुवात 'गागा लल' अशीच होते, शेवट मात्र मराठी आहे. छापताना तसे सांगितले पाहिजे. 'मूळ छंदात' असे खाली लिहून मोकळे होणे खोटे ठरेल.

आणि तिसरी ओळ, जिच्यामुळे हे सगळे लिहितो आहे. फारसीत 'दस्त' म्हणजे हात. 'दस्ता' म्हणजे मूठ, दांडा, भांड्याला धरायची जागा. हातालाच शेवटी एक 'आ' जोडला की दस्ता. तिसऱ्या ओळीत दस्ता येतो, चौथीत तो शेवटचा स्वर गळतो आणि दस्त उरतो. डोळ्यांदेखत भांड्याचा अवयव माणसाचा होतो. कुज्याची मान आणि माणसाची मान यांसाठी तर दोन्हीकडे 'गर्दन' हा एकच शब्द आहे. तिथे मला अडचण नाही, उलट आपला 'गळा' मडक्यालाही असतो, माणसालाही, आणि गळ्यात हात टाकणे आपल्याकडे फारसीहूनही घरगुती आहे. पण मुठीला मराठीत काय म्हणायचे?

कपाला, किटलीला, मगाला आपण ज्याने धरतो त्याला आपण 'कान' म्हणतो. कान तुटलेला कप कुणाच्या घरात नाही? फारसी माणसाला भांड्याच्या बाजूला हात दिसला, मराठी माणसाला कान दिसला. एवढ्या एका फरकाने रुबाईचा कणा मोडतो. कुज्याचा कान हा कुणाच्या गळ्यातला हात होता, हे वाक्य अर्थाने कळते, पण विनोदी होते. मला क्षणभर मोह झाला की चित्रच बदलावे. हा कान कधीकाळी कुणाच्या ओठांशी लागून कुजबुज ऐकत होता, असे केले तर मराठीत चांगली रुबाई होईल. 'कुजा' आणि 'कुजबुज' शेजारीही छान बसतात. पण ती माझी रुबाई झाली असती आणि मीही फिट्झेराल्डच्या वाटेने गेलो असतो, त्याची प्रतिभा नसताना.

'दस्ता' तसाच ठेवावा, तर वाचकाला कुज्याच्या गळ्यात कागदाची चळत दिसणार. 'मूठ' म्हटले तर हाताशी नाते राहते, पण मूठ आवळलेली असते, गळ्यात पडत नाही. 'कडी' निर्जीव. 'हत्ता' हा शब्द हातावरूनच आलेला आहे आणि 'हात'पासून तेवढाच दूर आहे जेवढा दस्तापासून दस्त. कागदावर तो सगळ्यांत योग्य. पण हत्ता अवजाराचा, लाकडी, दणकट. मातीच्या भांड्याला तो लागतो का, हे मला ठरवता येईना.

इथे माधव जूलियन पुन्हा आठवले. १९२५ मध्ये ज्याने फारसी शब्दांचा कोश मराठीला दिला त्यानेच १९३८ मध्ये 'भाषाशुद्धि-विवेक' लिहून मराठीतले परकी शब्द वगळण्याची बाजू मांडली. या विरोधाभासावर पुष्कळ लोक हसतात, मीही हसत असे. या कामानंतर हसू येत नाही. ज्याला 'गर्दन' शब्दाचे फारसीतले मार्दव ठाऊक आहे त्याला मराठीत तिची झालेली अवस्था पाहून ती इथून उचलून न्यावीशी वाटली, तर त्यात नवल नाही, असे मला आता वाटते. हा माझा तर्क. त्यांनी कारणे वेगळी दिली आहेत. आणि मी त्यांच्या बाजूचा नाही, कारण 'कुजा' काढून टाकला असता तर माझा 'होता' कुठे टिकला असता?

शब्द ठरेना म्हणून मी आमच्या गावाबाहेरच्या एका कुंभाराकडे गेलो. ते पाण्याचे कुजे करतात, काहींना मागणीप्रमाणे धरायला जागाही करतात. विचारले, "काका, ह्याला काय म्हणता?" ते म्हणाले, "कान." मी म्हटले, "हत्ता नाही म्हणत?" ते माझ्याकडे बघत राहिले. "हत्ता पंपाचा." मग त्यांनी कान लावून दाखवला. भांडे अर्धे सुकू द्यायचे, वळकटीही तितकीच सुकलेली हवी, दोन्ही ठिकाणी ओरखडे काढून पातळ चिखल लावायचा आणि अंगठ्याने दाबायचे. एक ओली आणि एक कोरडी राहिली तर सुकताना जोड फाटतो. वरचे टोक गळ्याशी, खालचे पोटाशी. वळकटी गळ्यावरून खाली वाकवताना त्यांनी आपला डावा हात कुज्याच्या मागून घेऊन आधाराला धरला होता.

"हां," ते म्हणाले, "टाकला गळ्यात."

माझ्या वहीत तिसऱ्या ओळीत 'हत्ता' खोडून 'कान' लिहिलेले आहे, आणि 'कान' खोडून पुन्हा 'हत्ता'. मित्राला अजून तीनच ओळी पाठवल्या आहेत.